हापूस डझनावर घ्यावा की किलोवर?

कोथरूडकर: डझनाचा भाव म्हणजे सरळसरळ लूट! ८४० ला डझन मागतात. किलोवर विकायला लावा, भाव आपोआप उतरेल.

बागायतदार_देवगड: लूट म्हणण्याआधी फळ तोललंत का? तुमचं ८४० चं फळ २०० ग्रॅमचं असेल तर डझन भरतो २ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे किलोला ३५० पडले. शेजारच्या गाळ्यावर ११०० चा डझन असेल आणि फळ २८० ग्रॅमचं, तर वजन ३ किलो ३६०, किलोला सव्वातीनशेच्या आसपास. महाग दिसणारा डझन स्वस्त निघाला! म्हणून पेटी किती डझनी ते आधी विचारा. त्याच मापाच्या पेटीत चार डझन बसले तर फळ मोठं, सहा बसले तर लहान.

मीनल_ठाणे: मोठं फळ घ्या म्हणताय? गेल्या वर्षी चार डझनी पेटी घेतली, निम्म्या फळांत साका, आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा. आमरसाला जमलेले पाहुणे ताटावर बसलेले आणि मी फळं फेकत होते. वजन घेऊन काय करू?

बागायतदार_देवगड: ते खरं आहे, मोठ्या फळात साका जास्त निघतो. बाहेरून कळत नाही, आम्हालाही नाही. मधलं फळ घ्या, २५० च्या आसपासचं.

कोथरूडकर: म्हणजे किलोनेच मोजायचं! मी तेच म्हणत होतो.

बागायतदार_देवगड: मोजा, पण कच्चं फळ कच्च्याशीच. आढीत पिकताना वजन घटतं. आज तोललेला किलो आठवड्याने किलो राहत नाही.

गिरगावकर: वजनाचं सोडा, रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकचा माल भरतात त्याचं बोला! २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वरचा थर आपला, खालचा त्यांचा. मला असंच फसवलं.

हुबळीची_सून: कर्नाटकचा आंबा काय विष आहे? माहेरचा हापूस खाऊन मोठी झाले. फसवतो तो विकणारा, झाडाला का शिव्या?

गिरगावकर: आंब्याला नाही, रत्नागिरीचा भाव लावण्याला शिव्या. साल जाड, वास कमी, मग पैसे तेवढेच का द्यायचे?

हुबळीची_सून: हे मान्य. नाव सांगून कमी भावात विका, मीच आधी घेईन.

मीनल_ठाणे: माझं अजून राहिलंच. घ्यायचा कधी?

बागायतदार_देवगड: मार्चमध्ये माल थोडा, तेव्हा भाव हौसेचा. अक्षय्यतृतीयेला मागणी चढते. तो सण गेला, आवक वाढली, की मेच्या मध्यावर भाव बसतो. तेव्हाच घ्या. अगदी शेवटपर्यंत थांबलात आणि वळीव पडला तर फळमाशी लागते, मग स्वस्त मिळूनही अर्धा डझन टाकावा लागतो. त्या वेळी आमचा माल कॅनिंगवाले किलोवर उचलतात, आणि तो भाव ऐकलात तर कोथरूडकर, तुम्ही आम्हाला लुटारू म्हणणार नाही.

कोथरूडकर: बागायतदाराला नाही म्हटलं. गाळेवाल्याचं मत अजून बदललं नाही. रविवारी वजनकाटा घेऊन जातो.