मदत हवी आहे: आईची बॅग गाडीतून चोरीला गेली, १३९ वर तक्रार केली, आता पुढे काय?

सिडकोची_लेक:
नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. गेल्या शुक्रवारी आई अकोल्याहून रात्रीच्या गाडीने एकटी नाशिकला आली. आरक्षण होतं, खालचा बर्थ. भुसावळला तिने बॅगेतून गोळी काढून घेतली, म्हणजे तिथपर्यंत बॅग बर्थखाली होती. मनमाड आल्यावर जाग आली तेव्हा बॅग नव्हती. बॅगेत तिच्या दोन पाटल्या, जुना मोबाईल, साड्या आणि बाबांच्या पेन्शनची मूळ कागदपत्रं होती.

शेजारच्या मुलाने तिच्यासाठी १३९ ला फोन लावला आणि तक्रारीचा क्रमांक आला. नाशिकरोडला आरपीएफच्या जवानाने डब्यात येऊन वहीत नाव, बर्थ लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, तक्रार झाली. दोन दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली काढली आहे. मग मी घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेले, तिथे म्हणाले की रेल्वेची हद्द आमची नाही. आज पाचवा दिवस आहे. आई जेवत नाही नीट. पाटल्या आजीच्या होत्या. कुठे जायचं आणि मिळण्याची कितपत शक्यता आहे, कृपया सांगा.

पंचवटीचा_पासवाला:
ताई, काळजी करू नका, मिळते. माझी लॅपटॉपची बॅग पंचवटीत रॅकवर राहिली होती. ठाण्याला उतरल्यावर लक्षात आलं. १३९ ला फोन केला, डबा आणि सीट सांगितली, आरपीएफने मुंबईला गाडी पोचल्यावर ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी ओळखपत्र दाखवलं, आत काय काय आहे ते सांगितलं आणि सही करून बॅग घेतली.

सिडकोची_लेक:
दादा, आमची राहिली नाही हो, कोणीतरी नेली आहे.

लोहमार्ग_निवृत्त:
मी लोहमार्ग पोलिसात होतो, बरीच वर्षं. ताई, वरचा अनुभव खरा आहे, पण तो विसरलेल्या सामानाचा. तुमची चोरी आहे आणि चोरीचा गुन्हा अजून कुठेच दाखल झालेला नाही. १३९ चा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. तो फोन गाडीतल्या किंवा पुढच्या स्टेशनवरच्या माणसापर्यंत निरोप पोचवतो. माणूस येऊन भेटला की त्यांच्या दृष्टीने तक्रार निकाली. आरपीएफ केंद्राचं दल आहे. चोरीचा गुन्हा नोंदवून तपास करणं हे राज्याच्या लोहमार्ग पोलिसांचं काम. हा फरक प्रवाशांना माहीत नसतो आणि त्यात असेच पाच-सहा दिवस जातात. गाडीतच टीसीकडे एफआयआरचा छापील फॉर्म मागून भरता आला असता, पण ते आता राहू द्या.

उद्या सकाळी आईंना घेऊन नाशिकरोड स्टेशनच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात जा. तिकीट आणि १३९ चे मेसेज न्या.

खानदेशी_भाऊ:
पण काका, चोरी भुसावळ-मनमाडच्या मधे झाली ना? मग गुन्हा तिकडेच नोंदवावा लागेल. नाशिकवाले घेणार नाहीत. माझ्या मेहुण्याला थेट भुसावळला जावं लागलं होतं.

लोहमार्ग_निवृत्त:
भाऊ, तपास तिकडे जाईल हे बरोबर. पण नोंदवायला तिकडे जावं लागतं हे बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू आहे, त्यात हद्द कुठलीही असो, ठाण्याने गुन्हा नोंदवायचा असं स्पष्ट लिहिलंय. 'शून्य नंबरने' नोंदवून कागद ज्याच्या त्याच्या हद्दीत पाठवतात. खरं तर ताईंना घराजवळच्या ठाण्यानेही परत पाठवायला नको होतं.

आता जबाबाचं नीट ऐका, कारण सगळं त्यावर आहे. चोर त्याच वेळी सापडला नाही, तर बहुतेकदा तो काही महिन्यांनी दुसऱ्याच गुन्ह्यात सापडतो आणि जुन्या चोऱ्या कबूल करतो. सोनाराकडून माल काढला जातो. मग ठाण्यात बसून जुने गुन्हे चाळतात की हा माल कुणाचा. जबाबात नुसतं 'सोन्याचे दागिने अंदाजे अमुक रुपये' असेल तर कुणाला कळणार? पाटल्यांचं वजन, नक्षी कशी, कुठे चेपलंय का, आत सोनाराचा शिक्का आहे का, हे सगळं लिहा. लग्नातला, सणातला फोटो असेल तर जोडा. पावती नसली म्हणून दागिना लिहायचा राहू देऊ नका.

वेळही तशीच लिहा: भुसावळला बॅग पाहिली, मनमाडला नव्हती. मधे जळगाव, पाचोरा, चाळीसगाव येतात. गाडी जिथे थांबली तिथल्या फलाटांचं सीसीटीव्ही पाहावं लागेल आणि ते चित्रण ठरावीक दिवसच राहतं, नंतर पुसलं जातं. म्हणून चित्रण जपून ठेवावं असा वेगळा लेखी अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ आहे का पाहा, गाडीतल्या चोरीचं ते आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. नुसता 'गहाळ' दाखला देऊ लागले तर घेऊ नका. गहाळ वस्तूचा तपास होत नाही. तरीही नाहीच म्हणाले तर लोहमार्ग पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते.

गंगापूररोड_नितीन:
तिकीट ऑनलाइन काढलं असेल तर विमा असतोच की! काही पैसे कापतात बघा. त्यातून भरपाई मिळेल.

वकील_नाशिकरोड:
नाही, तो विमा अपघातातला मृत्यू, अपंगत्व, रुग्णालयाचा खर्च यासाठी आहे. सामान त्यात येत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १०० सांगतं की प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर तेव्हाच, जेव्हा रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध होईल. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमरेच्या पट्ट्यातल्या एक लाख रुपयांच्या चोरीत प्रवाशाच्या विरोधात निकाल दिला. उलट, आरक्षित डब्यात बिनतिकीट माणसं शिरू दिली म्हणून ग्राहक आयोगांनी प्रवाशाच्या बाजूने दिलेले निकालही आहेत. आईंना विचारा, रात्री डब्यात उभी गर्दी होती का? टीसी आला होता का? दोन वर्षांची मुदत आहे, घाई नाही.

लोहमार्ग_निवृत्त:
वकीलसाहेब, माझा अनुभव विचाराल तर त्या भानगडीत आईंना पाडू नये.

वकील_नाशिकरोड:
ते त्यांनी ठरवावं. पण हक्क आहे हे तरी माहीत असू दे.

सिडकोची_लेक:
आज जाऊन आलो. गुन्हा नोंदवला, शून्य नंबरने, कागद पुढे पाठवणार आहेत. आईला पाटल्यांची नक्षी तोंडपाठ होती, एका पाटलीचा फासा ढिला होता तेही लिहिलं. सीसीटीव्हीचा अर्ज दिला. मोबाईलच्या खोक्यावर आयएमईआय नंबर सापडला. नवीन सिम घेऊन एफआयआरच्या प्रतीवरून ceir.gov.in वर फोन बंद करायची विनंती टाकली. काका, आता खरं सांगा, कितपत आशा धरू?

लोहमार्ग_निवृत्त:
खरं सांगतो. मोबाईलची आशा सगळ्यात जास्त, कोणी त्यात सिम घातलं की माग लागतो. पाटल्यांची कमी, कारण सोनं लवकर वितळवतात. टोळी पकडली गेली तरच. कागदपत्रं मात्र चोराला नको असतात. दागिने काढून बॅग शौचालयात किंवा रुळांच्या कडेला टाकतात. म्हणून मनमाड, चाळीसगाव, जळगाव, तिन्हीकडे स्टेशन मास्तर आणि आरपीएफकडे बेवारस बॅगेची चौकशी करा. फोनवर भागवू नका, एकदा कुणाला तरी पाठवा.

आणि माल सापडला तरी ठाण्यातून लगेच हातात मिळत नाही. न्यायालयात अर्ज करून, मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, घ्यावा लागतो. तपास लागला नाही तर काही महिन्यांनी 'अ समरी' होईल, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. घाबरू नका, पुढे चोर सापडला तर तो पुन्हा उघडता येतो.

सिडकोची_लेक:
खूप आभार काका. भाऊ रविवारी चाळीसगाव-मनमाडला जाणार आहे. एकच राहिलं: बाबांच्या पेन्शनच्या मूळ आदेशाची दुसरी प्रत कोषागारातून मिळवताना एफआयआरची प्रत पुरते का, की प्रतिज्ञापत्रही लागतं? कुणी काढली असेल तर सांगा.