पंख्याच्या पात्यावर सर्वात जास्त ताण कुठे?

खानदेशी_वारा: पंख्याच्या पात्याचं टोक सगळ्यात जोरात फिरतं, म्हणजे सगळ्यात जास्त ताणही टोकालाच. मग कंपन्या टोकाकडचा पत्रा जाड का करत नाहीत?

वर्कशॉपवाला: हे वाचून राहवलं नाही. टोकाच्या पुढे काहीच नाही, मग टोकाने धरून कुणाला ठेवायचं? तिथे ताण शून्य. पात्याच्या कुठल्याही जागेला तिच्या बाहेरचा सगळा भाग वर्तुळात ओढून धरावा लागतो. आत यावं तसा तो भाग वाढतो, म्हणून सर्वाधिक ताण मुळाशी. सारख्या रुंदी-जाडीच्या पात्यासाठी σ = ½ρω²(L² − r²); σ म्हणजे ताण, ρ घनता, ω फिरण्याचा कोनीय वेग, L मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर आणि r मध्यापासून त्या जागेपर्यंतचं. टोकाकडून निम्म्या लांबीपर्यंत आलात की मुळाशी असलेल्या ताणाचा पाऊण हिस्सा चढलेला असतो. टोक जाड केलंत तर मुळाचेच हाल.

गोफणकर: सूत्र कशाला? गोफण फिरवून बघा. दोरी हातापासून दगडापर्यंत सारखीच ताणलेली असते.

वर्कशॉपवाला: कारण तिथे सगळं वजन टोकाच्या दगडात आहे, दोरीला वजन नाहीच म्हणा. पात्याचं वजन लांबीभर पसरलेलं आहे. गोफणीचा नियम इथे लावू नका.

सुनीताताई: ते राहू द्या. आमचा नवा पंखा पहिल्या दिवसापासून डुलतो. पत्रा बोटाने वाकतो! जुने पंखे बघा, पाती कशी भारदस्त.

गोफणकर: ताई बरोबर बोलल्या. पत्रा जाड केला की ताण कमी, एवढं साधं आहे.

वर्कशॉपवाला: अहो, वर सूत्रात जाडी दिसते का कुठे? जाडी दुप्पट केली की धरणारं क्षेत्रफळ दुप्पट, पण ओढणारं वजनही दुप्पट. आकडे घ्या: मध्यापासून टोक 0.6 मीटर, 350 आरपीएम, टोकाचा वेग सेकंदाला 22 मीटर. ॲल्युमिनियमची घनता 2700. मुळाशी ताण आला जेमतेम 0.65 मेगापास्कल. हा पत्रा त्याच्या कित्येक पट सहज सोसतो.

गोफणकर: आवाज चढवू नका. मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळतं केलं तर? तेव्हा तर कमी होईल ना?

वर्कशॉपवाला: होईल, हे मान्य करावं लागेल. छेदाचं क्षेत्रफळ टोकाला शून्यावर येईल असं सरळ उतरवलं तर मुळाचा ताण एक तृतीयांश उरतो. पण तो निमुळतेपणाचा गुण, जाडीचा नव्हे.

खानदेशी_वारा: ताण इतका किरकोळ असेल तर आमच्या दुकानातलं पातं स्क्रूजवळ तुटलं कशाने?

वर्कशॉपवाला: वाकण्याने. पंखा डुलला की पातं प्रत्येक फेरीत थोडं वर-खाली वाकतं, आणि स्क्रूच्या भोकाच्या कडेला बारीक चीर धरते. तुटलेली कड बघा: चिरेचा जुना भाग मळकट आणि गुळगुळीत, शेवटी फाटलेला भाग चकचकीत खरबरीत. जाड पत्र्याचा उपयोग असलाच तर या वाकण्यापुरता, ताईंचा तेवढा मुद्दा मी धरतो.

सुनीताताई: मग आमचा पंखा डुलतो कशाने, ते सांगा की!

गोफणकर: एखादं पातं वाकलं असेल.

वर्कशॉपवाला: किंवा पात्यांची वजनं सारखी नसतील. पाती उतरवून तराजूवर घाला, मग बोलू.