मदत हवी आहे : एकाच ॲपमध्ये कीबोर्ड उशिरा येतो किंवा येतच नाही

माझ्या अँड्रॉइड फोनवर एका ॲपच्या शोधचौकटीत बोट ठेवले की कर्सर लुकलुकतो, पण कीबोर्ड येत नाही. होम स्क्रीनवर जाऊन परत आल्यावर मात्र तो लगेच उघडतो. इतर ॲपमध्ये अडचण नाही आणि दुसरा कीबोर्ड निवडूनही हेच घडते, त्यामुळे दोष कीबोर्डचा नसावा, असे मला वाटते. ॲप ‘फोर्स स्टॉप’ करून आणि कॅश पुसून पाहिली. ‘क्लिअर डेटा’ टाळले, कारण त्याने लॉगिन व जतन केलेले मसुदे जातात. ती चौकट ॲपमध्येच उघडणाऱ्या वेबपानावर असल्याने ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ अद्ययावत करून फरक पडेल का, की आधी तेच पान ब्राउझरमध्ये तपासावे? कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.