मदत हवी आहे: धाकटा भाऊ जर्मनीत पहिल्याच सत्रात खचलाय, फेब्रुवारीच्या परीक्षांचं काय करावं?

कोथरूडची_ताई
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ ऑक्टोबरपासून जर्मनीत मेकॅनिकलचं मास्टर्स करतोय. पुण्यात बी.ई. चांगल्या मार्कांनी झाला. फेब्रुवारीत पाच पेपर आहेत आणि एकाचीही तयारी नाही म्हणतो. इथे इन-सेमचे मार्क हाताशी असायचे, मागच्या वर्षांचे पेपर सोडवले की निभायचं. तिथे बहुतेक विषयांत सगळी भिस्त शेवटच्या एकाच परीक्षेवर, आणि प्रश्न असे की पुस्तक समोर असलं तरी उत्तर सापडत नाही.

त्याहून जास्त काळजी त्याच्या मनाची वाटते. डिसेंबरपासून साडेचारच्या आत अंधार, मग तो खोलीबाहेरच पडत नाही. सोबतची दोन्ही मुलं पुण्याचीच, म्हणून आईला आधी बरं वाटलं होतं. आता म्हणतो, "ताई, घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि दुकानात गेलो की मुका. मी इथे नक्की कोण आहे?" इथे पथकात ढोल वाजवायचा, गणपतीत निम्मी पेठ त्याला हाक मारायची. परवा प्रोजेक्टच्या गटातली एक जर्मन मुलगी सगळ्यांसमोर "तुझं हे गणित चुकलंय" म्हणाली, तेव्हापासून तो गटाकडे फिरकलेला नाही. बाबांना यातलं काही माहीत नाही, कर्जावर त्यांची सही आहे.

पाचही पेपर द्यायला लावू, की परत बोलवू?

सदाशिव_पेठी
परतच बोलवा. तिथे एका सत्राची रजा मिळते. सात-आठ महिने घरचं खाऊन ताजातवाना होऊन जाईल. व्हिसा दोन वर्षांचा असतो, काही होत नाही.

मीनल_औंध
माझी मुलगी अमेरिकेत आहे. तिलाही पहिली थंडी फार जड गेली. आम्ही मेतकूट, भाजणी पाठवली. तिथे क्रेडिट कमी केले तर व्हिसाला धोका असतो, म्हणून पेपर अजिबात सोडू देऊ नका.

ऱ्हाईनकाठ
मी जर्मनीतच मास्टर्स केलं, आता इथेच नोकरी करतो. मीनलताई, अमेरिकेचा नियम इथे लागू नाही. सत्राला तीस क्रेडिट हा नुसता आराखडा असतो, पहिल्या सत्रात अठरा झाले तरी पुष्कळ. मात्र गती फारच मंदावली तर इथे राहण्याचा परवाना वाढवताना विचारतात.

ताई, आधी हे बघा. परीक्षेला वेगळं नाव नोंदवावं लागतं आणि ते ठरावीक तारखेपर्यंत मागे घेता येतं. ही तारीख प्रत्येक विद्यापीठात वेगळी असते. नाव नोंदवलं आणि गेला नाही, तर ५,० म्हणजे नापास, आणि एक प्रयत्न गेला. आजारी असेल तर डॉक्टरचा दाखला लगेच द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन प्रयत्न असतात, काही ठिकाणी दोनच. सक्तीच्या विषयात शेवटचा प्रयत्नही फुकट गेला तर प्रवेश रद्द होतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. म्हणून "बघू, बसून तर येऊ" ही आपली सवय इथे महागात पडते.

सदाशिवराव, रजा असते, पण पहिल्या सत्रात बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. आणि परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर परवाना आपोआप संपतो. सात-आठ महिने चालणारच नाहीत.

त्या मुलीचं मनावर घेऊ नका. इथे चूक तोंडावर सांगतात आणि दहा मिनिटांनी सोबत जेवायला जातात. त्याने तिला एका ओळीचा मेल करावा: "गणित पुन्हा केलंय, पुढची बैठक कधी?"

झोप, जेवण बिघडलं असेल तर श्टुडिएरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेचा मानसिक समुपदेशन विभाग गाठा. बहुतेक ठिकाणी मोफत असतो, इंग्रजीतही बोलतात. वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा आजच मेल करायला सांगा.

भुसारी_कॉलनी
आधी त्या मराठी घरातून बाहेर काढा त्याला. तेच मूळ आहे.

ऱ्हाईनकाठ
असहमत. जानेवारीत खोली शोधणं हा नवा ताप. घर राहू दे, आठवड्यातून दोन संध्याकाळी बाहेर पडू दे. विद्यापीठाचे खेळांचे वर्ग स्वस्त असतात, कुठे कुठे तालवाद्यांचा गटही असतो. मी व्हॉलीबॉलमध्ये जर्मन बोलायला लागलो, वर्गात नाही.

कोथरूडची_ताई
काल रात्री व्हिडिओ कॉलवर त्याच्यासोबत पोर्टल उघडलं. नाव मागे घ्यायला अजून चार दिवस आहेत. दोन पेपर सोडायचे ठरले, दोन नक्की द्यायचे. पाचवा त्या गटाच्या प्रोजेक्टशी जोडलेला आहे, तो सोडला तर प्रोजेक्टचे मार्क पुढच्या वर्षी धरतात का, हे त्याला परीक्षा विभागाला विचारायचंय. समुपदेशनाचा मेल माझ्यासमोर पाठवला. मुलीला मेल करायला तयार नाही अजून.

बाबांना कोणी सांगायचं यावर आमचं जमत नाहीये. तो म्हणतो निकालानंतर, मला वाटतं आत्ताच. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे कसं झालं?