सौजन्य, आभार की ऋणनिर्देश? फिल्मच्या शेवटच्या पाट्यांबद्दल शंका

अनुजा_पार्ले
आमच्या कॉलेजची १२ मिनिटांची फिल्म लॉक झालीय. सुरुवातीला फक्त फिल्मचं नाव येतं, बाकी सगळं शेवटी. गिरगावातल्या चाळीत एका काकूंनी दोन दिवस आपली खोली दिली, एक पैसा घेतला नाही. शिवाय एका मित्राच्या आजोबांनी १९८२च्या संपात काढलेले गिरणीच्या गेटचे फोटो एका शॉटमध्ये फुल फ्रेम दिसतात. तर शेवटी 'सौजन्य' लिहायचं, 'आभार' की 'ऋणनिर्देश'? आणि दिग्दर्शकाचं नाव नेमकं कुठे, ह्यावरनं ग्रुपमध्ये दोन दिवस वाद चाललाय.

नाट्यवेडा_दादर
दिग्दर्शक कायम शेवटी. नाटकाची अनाउन्समेंट ऐका ना, नेपथ्य, प्रकाश, संगीत, आणि मग शेवटी दिग्दर्शक. तेच करा.

एडिटटेबल
नाट्यवेडा, सुरुवातीच्या टायटल्सना तुमचं बरोबर आहे, तिथे दिग्दर्शकाची पाटी गेली की सिनेमा सुरू. पण अनुजाकडे सुरुवातीला काहीच नाहीये, आणि सगळं शेवटी गेलं की क्रम उलटतो. चित्र काळं झालं की पहिली पाटी दिग्दर्शकाची, मग लेखन, निर्मिती, छायालेखन, संकलन, मग मुख्य कलाकार. ह्या एकेकट्या पाट्या झाल्या की सरकती यादी, त्यात आधी कोणी कुठली भूमिका केली ते, मग एकेका विभागाचे सहायक, मग सौजन्य, मग आभार, आणि सगळ्यात खाली कॉपीराइटची ओळ. आणि हो, 'संपादन' नको लिहू, पेपरचं संपादन असतं, फिल्मचं संकलन.

आता तुझा प्रश्न. आजोबांचे फोटो पडद्यावर दिसतात, ते त्यांचे आहेत आणि त्यांनी वापरू दिलेत, म्हणून 'छायाचित्रे सौजन्य' आणि खाली त्यांचं नाव. काकूंनी मदत केली, त्यांना आभार. ऋणनिर्देश मी तेव्हाच लिहितो जेव्हा कोणाच्या आठवणींवरनं किंवा लेखनावरनं फिल्ममध्ये खरंच काहीतरी आलेलं असतं.

मायमराठी_ठाणे
'सौजन्य' सुजनवरनं आलाय, म्हणजे सज्जनपणा, चांगुलपणा. त्या अर्थाने दोन दिवस घर मोकळं करून देणाऱ्या काकूंचंच सौजन्य मोठं! फोटोखाली लिहून लिहून आपण त्याचा अर्थ 'कुठून आणलं' एवढाच करून टाकलाय, मला ते पटत नाही.

एडिटटेबल
मूळ अर्थ तोच आहे, मान्य. पण पडद्यावर 'सौजन्य' वाचलं की बघणारा 'कोणाच्या मालकीचं' असंच समजतो. काकूंना तिथे घातलं तर काकूंनी नक्की कुठली वस्तू दिली ते लोक शोधत बसतील.

रोहन_डोंबिवली
आमच्या फिल्ममध्ये रेडिओवर एक जुनं गाणं वाजतं, आम्ही 'गीत सौजन्य' लिहून कंपनीचं नाव टाकलं, म्हणजे परमिशनचं झालं ना?

एडिटटेबल
नाही रे! परवानगी मिळाली की सौजन्य लिहायचं, सौजन्य लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. उलट न विचारता वापरल्याचं तूच पडद्यावर लिहून दिलंस असं होतं. ६० वर्षं झाली की गाणं मोकळं असं लोक धरून चालतात, पण ते रेकॉर्डिंगपुरतं, तेही प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. लेखी होकार नसेल तर मिक्सला जायच्या आधी ते गाणं काढ, मिक्स झाल्यावर ते संवादाखालनं वेगळं करणं फार जड जातं.

स्नेहल_बोरिवली
माझी एक शंका, विषय थोडा वेगळा आहे. मी मैत्रिणीने दिग्दर्शित केलेल्या एका फिल्मवर पहिली असिस्टंट होते, त्यांनी पडद्यावर मला 'सहदिग्दर्शक' लिहिलं, मला छानच वाटलं. पुढे फेस्टिव्हलचा फॉर्म भरणाऱ्याने पडद्यावरनं बघून दिग्दर्शकाच्या रकान्यात दोन नावं टाकली, माझी मैत्रीण दुखावली आणि अजून नीट बोलत नाही. चूक कोणाची?

एडिटटेबल
शब्दाची. सहदिग्दर्शक म्हणजे दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं. तू 'मुख्य सहायक दिग्दर्शक' होतीस. काही जुन्या मंडळींकडे 'सह' सैल वापरतात, त्यातनं हा घोळ होतो.

मायमराठी_ठाणे
आणि 'सहाय्यक' नको, सहायक किंवा साहाय्यक. मदत ह्या अर्थाने 'साहाय्य'. एकदा पडद्यावर गेलं की दुरुस्त करायला परत एक्स्पोर्ट.

अनुजा_पार्ले
आमच्या यादीत सात ठिकाणी 'सहाय्यक' निघालं, आत्ताच बदललं. दिग्दर्शक वर गेला, आजोबा सौजन्यात, काकू आभारात पहिल्या. पण फिल्ममधली म्हातारी संप आठवून बोलते ती दोन वाक्यं काकूंच्याच तोंडची आहेत, शूटिंगच्या रात्री चहा करताना त्या बोलल्या आणि आम्ही तशीच घेतली. मग त्यांना ऋणनिर्देश होतो का?

मायमराठी_ठाणे
होतोच! वेगळी पाटी द्या.

एडिटटेबल
मी म्हणेन 'संवाद साहाय्य' लिही, लेखनाच्या लगेच खाली. वाक्यं त्यांची आहेत तर नाव आभारात खाली का ढकलायचं. पण आधी त्यांना विचार, काहींना आपलं बोलणं आपल्या नावासकट पडद्यावर नको असतं.

नाट्यवेडा_दादर
आणि नाव 'सौ.' लावून लिहिणार की नुसतं?

अनुजा_पार्ले
तेही त्यांनाच विचारते, रविवारी जातेय गिरगावला.