शब्दचर्चा: अलार्म ‘बंद होता’, ‘बंद पडला’ की ‘बंद ठेवला’?

शिरोली_कारकून
शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅकिंग मालाच्या गोदामाला 17 जूनच्या पहाटे आग लागली. आग पुढच्या शेडमध्ये लागली आणि पसरत मागच्या शेडपर्यंत गेली. मागच्या शेडचा अलार्म 9 जूनपासून चालत नव्हता. पुढच्या शेडचा वाजला आणि त्यामुळेच वॉचमन उठला. सर्व्हेअरने वॉचमनचा मराठीत जबाब घेतला, त्यात वाक्य आहे, “मागचा अलार्म बंद होता.” विमा कंपनीच्या इंग्रजी पत्रात त्याचं झालंय ‘विमाधारकाने अलार्म स्विच ऑफ केला होता, सबब वॉरंटीचा भंग, पंधरा दिवसांत खुलासा द्यावा’. मालक म्हणतात, आधी मराठीत मसुदा करा, मला कळेल अशा भाषेत, मग इंग्रजीत नेऊ. ‘आउट ऑफ सर्व्हिस’ला काय लिहावं? नादुरुस्त, निकामी, सेवेबाहेर?

गूळमार्केट
वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि बिलाची तारीख आहे का बघा. माझ्या माहितीत एकाची बॅटरी वर्षाच्या आत गेली, कंपनीने गुपचूप बदलून दिली. वॉरंटी त्यांची आहे, खुलासा तुम्ही कशाला द्यायचा?

शिरोली_कारकून
ही वॉरंटी वस्तूची नाही हो. पॉलिसीतली आहे, ‘यंत्रणा कार्यक्षम स्थितीत राखली जाईल’ अशी.

रंकाळाकाठ
गूळमार्केट यांची चूक समजण्यासारखी आहे. दुकानातली वॉरंटी विकणारा देतो, पॉलिसीतली विमा घेणारा देतो. हात उलटा आहे. म्हणूनच मसुद्यात ‘हमी’ लिहू नये, वाचणाऱ्याला कंपनीने दिलेली हमी वाटेल. ‘वॉरंटी’च ठेवा आणि पॉलिसीतलं तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. बरीचशी उत्तरं त्याच वाक्यात असतात. ‘राखली जाईल’ आणि ‘सदैव चालू राहील’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. राखायचं म्हटलं की दुरुस्ती आली, आणि दुरुस्तीसाठी काही भाग थोडा वेळ थांबवणंही आलं. ‘सदैव चालू’ लिहिलं असेल तर ही वाट अरुंद होते.

मूळ प्रश्न मात्र नामाचा नाही, क्रियापदाचा आहे. ‘बंद’ला मराठीत कर्ता लागत नाही. बंद पडला म्हणजे आपोआप, बिघडून. बंद केला म्हणजे कोणीतरी, मुद्दाम. बंद ठेवला म्हणजे मुद्दाम आणि तसाच राहू दिला. बंद राहिला म्हटलं की हेळसांडीचा वास येतो. वॉचमन म्हणाला ‘बंद होता’, यात फक्त स्थिती आहे, कोणी केलं ते नाही. भाषांतर करणाऱ्याने त्यात कर्ता घातला, आणि ‘मागचा’ हा शब्द गाळला. खुलाशाचा पहिला परिच्छेद याच दोन दुरुस्त्यांचा हवा, सोबत मराठी जबाबाची प्रत.

पॅनेलवाला
क्रियापदाआधी पॅनेलवर काय दिसत होतं ते विचारा. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना ‘अलार्म बंद केला’ म्हणतात. एक, हूटरचा आवाज दाबला. तेव्हा डिटेक्टर जागेच असतात, फक्त भोंगा गप्प असतो. दोन, फॉल्ट, वायर तुटली किंवा डिटेक्टर बेसमधून निघाला की पॅनेल स्वतः पिवळा दिवा लावून कुरकुरत बसतं. तीन, आयसोलेट, इथे माणसाने बटण दाबून पॅनेलला सांगितलेलं असतं की या झोनकडे लक्ष देऊ नकोस. तुमच्यात यातलं काय होतं?

शिरोली_कारकून
एएमसीवाल्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर आहे, ‘झोन 3 आयसोलेट केला, तीन बेसमध्ये पाणी, नवीन बेस आल्यावर बसवणे.’ पत्र्याच्या जोडातून पाऊस गळत होता. 8 जूनच्या रात्री तीनदा खोटा अलार्म झाला. पॅनेल साधं, चार झोनचं. झोन 3 मध्ये एकूण बारा डिटेक्टर.

पॅनेलवाला
मग ‘नादुरुस्त’ही चूक आणि ‘निकामी’ तर फारच चूक. यंत्रणा नादुरुस्त नव्हती. चारातला एक झोन दुरुस्तीसाठी विलग केला होता. ‘विलग’ लिहा आणि लगेच पुढे पॅनेलवरचे शब्द द्या, `ZONE 3 ISOLATED`, म्हणजे मराठी शब्दावरून वाद उरणार नाही.

आता अवघड जागा. सर्व्हेअर जाणता असेल तर विचारणार, तीन बेस भिजले होते तर बाराच्या बारा डिटेक्टर का झोपवले? साध्या पॅनेलमध्ये एका झोनचे सगळे डिटेक्टर एकाच दोन तारांच्या ओळीवर असतात, शेवटी एक रेझिस्टर. मधला डिटेक्टर काढला की तिथून पुढची ओळ तुटते आणि फॉल्ट येतो. पण तुटलेल्या जागेच्या अलीकडचे, पॅनेलच्या बाजूचे डिटेक्टर फॉल्टमध्येही आग पकडतात. आयसोलेट केल्यावर एकही पकडत नाही. म्हणून भिजलेले तीन ओळीत कितव्या जागी होते, ते तंत्रज्ञाकडून कागदावर रेखाटून घ्या. पहिलाच भिजला असेल तर तो काढल्यावर पुढचे अकरा तसेही गेलेच होते, म्हणजे आयसोलेट करून काही जास्त गमावलं नाही. शेवटचे तीन भिजले असतील तर मात्र नऊ डिटेक्टर विनाकारण झोपवले असं म्हणायला जागा राहते. ते आधीच ओळखून लिहिलेलं बरं.

शिरोली_कारकून
आजच विचारलं. भिजलेले तीन म्हणजे दुसरा, तिसरा आणि चौथा.

पॅनेलवाला
मग एकच गमावला, पहिला. हे आकड्यानिशी लिहा: “भिजलेले डिटेक्टर काढल्यास ओळीतील क्रमांक 1 वगळता कोणताही चालू राहिला नसता.” भिजलेले जागेवरच ठेवले असते तर खोटे अलार्म चालूच राहिले असते, हेही एका वाक्यात. आणि पॅनेलची घटना-नोंद काढली का? तिची मेमरी मोजकी असते. नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात. पॅनेलचं घड्याळही मोबाइलशी ताडून बघा.

शिरोली_कारकून
फोटो घेतलेत. झोन 1 चा अलार्म 2:41 ला. पण अग्निशमन दलाकडे फोन गेल्याची वेळ 2:32 आहे, अलार्मच्या आधी! यामुळेच मालक घाबरलेत.

पॅनेलवाला
घड्याळ पुढे असणार. आत्ता पॅनेल आणि मोबाइल एकाच फोटोत घ्या. बारा-पंधरा मिनिटांचा फरक दिसला तर तो फोटो जोडून फरक सांगा, पण नोंदीतली वेळ ‘दुरुस्त’ करून लिहू नका. घड्याळ जुळवायचं तेही सर्व्हेअरने पाहिल्यावर.

दावा_नको_वाद_नको
एवढं कशाला? मागच्या झोनमुळे आग लागली नाही, ती पुढे लागली आणि पुढचा अलार्म वाजला. कारणाचा संबंधच नाही तर भंग कसला? एका ओळीत नाकारा. शिवाय 2019 चा सुप्रीम कोर्टाचा सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्सचा निकाल आहे, कंपनीला पत्रातल्या मुद्द्याबाहेर जाता येत नाही.

रंकाळाकाठ
अर्धं बरोबर. तो निकाल दावा नाकारल्याच्या पत्राबद्दल आहे. नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाही. तुमच्या हातात अजून नकार नाही, खुलाशाची मागणी आहे. नकार लिहिताना कंपनी अजून मुद्दे घालू शकते. म्हणून खुलाशात न विचारलेल्या गोष्टींची सारवासारव करू नये.

आणि ‘संबंध नाही’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीतली वॉरंटीची अट अशी आहे की तिचं पालन झालं नाही तर, त्याने जोखीम वाढो वा न वाढो, त्या मालमत्तेचा दावा अडतो. तुमच्या पॉलिसीत हीच अट असेल तर कार्यकारणाचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला मुद्दा त्याच अटीच्या शेवटच्या शब्दांत आहे: ‘त्या मालमत्तेचा किंवा त्या बाबीचा’. पुढची आणि मागची शेड परिशिष्टात वेगवेगळ्या बाबी म्हणून, वेगळ्या रकमेने लिहिल्या आहेत का? असतील तर पुढच्या शेडचा दावा या वादापासून सुटा करता येतो. एकत्र रक्कम असेल तर कठीण.

शिरोली_कारकून
इमारती वेगळ्या लिहिल्यात, मालाची रक्कम मात्र एकत्र.

रंकाळाकाठ
मग इमारतींचा मुद्दा मांडा. मालाचं काय होईल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

उद्यमनगर_ताई
‘खुलासा’ या शब्दावरही जरा थांबा. सरकारी कार्यालयात खुलासा म्हणजे कारणे दाखवा नोटिशीला खालच्याने वरच्याला दिलेलं उत्तर. लिहितानाच पाठ वाकते आणि पेन ‘झालेल्या चुकीबद्दल दिलगीर’ असं लिहून मोकळा होतो. शिर्षक ‘आपल्या पत्रास उत्तर’ एवढंच ठेवा. मजकुरात ‘भंग झाला’ हे शब्द आपल्या तोंडी नकोत. ‘आपण ज्यास भंग म्हणता ती घटना’ असं लिहा.

त्या आठ रात्री बदली व्यवस्था काय होती? तो परिच्छेद सर्वांत जड ठरतो.

शिरोली_कारकून
वॉचमन दर तासाला मागच्या शेडमध्ये फेरी मारत होता, रजिस्टर आहे. दोन पावडरचे सिलिंडर जास्तीचे ठेवले होते. 14 आणि 15 तारखेच्या फेऱ्यांवर सह्या नाहीत.

उद्यमनगर_ताई
सह्या आता करू नका, करवूनही घेऊ नका. शाई कळते, आणि एक खोटी सही सापडली की बाकीचं खरंही बुडतं. “सहा रात्रींच्या नोंदी सोबत, दोन रात्रींच्या सह्या नाहीत” असं सरळ लिहा. बेसच्या ऑर्डरचा मेसेज आणि डिलिव्हरी चलनही जोडा, म्हणजे आठ दिवस का लागले ते तारखांवरून दिसेल.

पॅनेलवाला
जानेवारीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, असेल तर तोही. महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा 2006 प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. त्यावरून जूनमधली स्थिती सिद्ध होत नाही, पण यंत्रणा राखली जात होती हे दिसतं.

गूळमार्केट
आता कळलं. मग माझं विचारतो. पुढच्या आठवड्यात आमच्या गुळाच्या गोदामाला रंग द्यायचाय, रंगवाला म्हणतो डिटेक्टरवर पिशव्या बांधतो. एजंटला फोनवर सांगितलंय. पुरेल ना?

रंकाळाकाठ
फोन पुरणार नाही. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं, यावरच नंतर भांडण होतं. पॉलिसी देणाऱ्या शाखेला ईमेल करा: कोणते डिटेक्टर, कुठल्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत झाकले जातील, तेवढ्या वेळात फेरी कोण मारणार. संमती लेखी मागा. पिशव्या रोज संध्याकाळी काढायला लावा आणि मोजून घ्या, एखादी हमखास राहते.

शिरोली_कारकून
मसुद्याचं मधलं वाक्य असं केलंय: “दि. 9 जून रोजी देखभाल कंत्राटदाराच्या तंत्रज्ञाने, पावसाचे पाणी शिरलेले तीन बेस बदलेपर्यंत, चार झोनपैकी झोन 3 पॅनेलवर विलग केला. झोन 1, 2 व 4 कार्यरत होते, आणि आगीची पहिली सूचना झोन 1 नेच दिली.” चालेल?

उद्यमनगर_ताई
चालेल. तंत्रज्ञाने स्वतःच्या मनाने केला की मालकांच्या सांगण्यावरून, हे विचारणारच. सर्व्हिस रिपोर्टवर आपली सही कोणाची आहे?

शिरोली_कारकून
मालकांच्या पुतण्याची. त्याला संध्याकाळी गाठतो.