मित्रांच्या अंदाज स्पर्धेत पॉईंट कसे द्यायचे? तुमचे अनुभव सांगा

आज माळा आवरताना 2023 वर्ल्ड कपची आमची वही सापडली आणि सगळं परत आठवलं. आम्ही दहा जण, घोडबंदर रोडला एकाच सोसायटीतले. नियम होता की प्रत्येक मॅचला 10 पॉईंट, ज्यांचा अंदाज बरोबर त्यांच्यात वाटून. म्हणजे आठ जण बरोबर तर प्रत्येकी सव्वा, एकटाच बरोबर तर पूर्ण दहा. वाटलं, डेअरिंगला किंमत मिळेल. 15 ऑक्टोबरला अफगाणिस्तानने इंग्लंडला हरवलं, 17 ला नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेला, आणि दोन्ही वेळा आमच्यातला एकच जण बरोबर. तीन दिवसांत 20 पॉईंट, म्हणजे साध्या सोळा मॅचेसची कमाई! तो प्रत्येक वेळी डोळे मिटून लिंबूटिंबू टीमच लिहायचा. ज्याने रोज अभ्यास करून 34 मॅच बरोबर सांगितल्या तो दुसरा आला, त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. यंदा परत सुरू करतोय, तर तुमच्याकडे काय नियम होते ते लिहा.

कोपरीकर
अरेरे, 34 बरोबर आणि दुसरा? वाईट वाटलं वाचून. पुढच्या वर्षी खेळला का तो?

वाशी_लोकल
आमच्याकडे पण हेच झालेलं, मग आम्ही वर्गमूळ घ्यायला लागलो. एकट्याला 10 च्या जागी साधारण 3.2, बाकीच्यांना 1 च्या आसपास, डेअरिंगपण राहते आणि एका मॅचने स्पर्धा संपत नाही. प्रश्न मिटला.

निवृत्त_स्टॅट
वाशी_लोकल, अर्धा मिटला. समजा लिंबूटिंबूची शक्यता पाचात एक आहे आणि बाकी नऊ जण मोठ्या टीमकडे. जुन्या नियमात एकट्याने उलटं लिहिलं तर पाच मॅचमध्ये सरासरी 10 मिळतात, गर्दीत राहिलं तर 4. म्हणजे तुमचा तो मित्र डोळे मिटून नव्हता खेळत, नियमच त्याला तसं खेळायला सांगत होता! वर्गमूळ घेतलं की तेच 3.2 विरुद्ध 4 होतं, ठीक आहे. पण पंचवीस जण खेळायला आले की एकट्याचे 3.2 तेवढेच राहतात, गर्दीतल्याचे मात्र 4 चे 2.5 होतात आणि परत लिंबूटिंबू परवडायला लागते. मॅच तीच, फक्त माणसं वाढली. पॉईंट दुसऱ्यांनी काय लिहिलं त्यावर ठरतात हे मूळ दुखणं.

आम्ही टक्के लिहायचो. जिंकणाऱ्या टीमला तुम्ही दिलेले टक्के 100 मधून वजा करा, त्याचा वर्ग करून 100 ने भागा, आलेला आकडा 25 मधून वजा. मूळ कल्पना ग्लेन ब्रायरची, 1950 ची, हवामानाच्या अंदाजासाठी. आता इंग्लंडला सगळ्यांनी 90 दिले, तुम्ही 70. इंग्लंड जिंकलं तर त्यांना 24, तुम्हाला 16, नुकसान 8 चं. अफगाणिस्तान जिंकलं तर त्यांना उणे 56, तुम्हाला उणे 24, फायदा 32 चा. म्हणजे अफगाणिस्तानची शक्यता खरंच वीस टक्क्यांच्या वर वाटत असेल तरच वेगळं जाणं परवडतं. मनात आहे तेच लिहिणं सगळ्यात फायद्याचं.

नेरुळची_मावशी
आम्ही बायका मोरबे धरण कधी भरणार त्याची तारीख लावतो, क्रिकेट नाही. सगळ्यात जवळची तारीख जिंकते, त्यामुळे एकीने 20 ऑगस्ट लिहिली की दुसरी मुद्दाम 21 लिहून तिच्या पुढचे सगळे दिवस खाते. यावर काय करायचं?

निवृत्त_स्टॅट
मावशी, चिठ्ठ्या बंद करून एकदम उघडा, आणि जितके दिवस चुकलं तितके पॉईंट प्रत्येकीचे कापा. तीनचार पावसाळ्यांची बेरीज करून नंबर काढा, एका वर्षात नशीबच जास्त.

नेरुळची_मावशी
तीन वर्षं कोण थांबणार हो! पण बंद चिठ्ठी छान आहे, यंदा करते. पाऊस आला, कपडे काढते आधी.

आई_कळवा
माझा मुलगा सातवीत, त्याच्या ग्रुपमध्ये टक्के करून बघितले. एकाने 100 लिहिले, टीम हरली, उणे 75, रडत घरी गेला. मग मी फक्त 50, 60, 70, 80, 90 एवढेच पर्याय ठेवले. 50 ला शून्य पॉईंट, त्यामुळे कळत नसेल तर 50 लिहा सांगितलं, मग मुलं खेळली.

कोपरीकर
आमच्याकडे फायनल, सेमीला डबल असतं, शेवटपर्यंत मजा राहते.

घोडबंदरकर (धागाकर्ता)
डबल मी काढणार, 48 मॅचेसचं काम तीन मॅचेसवर जायला नको. आई_कळवा, ते पाच पर्याय घेतो. फक्त एक अडतंय, शेवटच्या आठवड्यात मागे पडलेला माणूस मनात काहीही असो, मुद्दाम लिंबूटिंबूला 90 देईल ना? त्याला पहिलाच नंबर हवाय, पाचवा काय आणि दहावा काय.

निवृत्त_स्टॅट
देईल. बक्षीस फक्त पहिल्याला असेल तर हा नियमही ते थांबवत नाही. आम्ही वर्गणी पहिल्या चौघांत वाटायचो, तरी दरवेळी एकदोघं करायचेच.

वाशी_लोकल
चौघांत वाटली तर पहिल्याला काय उरणार? आमचे लोक नाही ऐकणार. ठाणे आलं, उतरतो, रात्री बोलू.